सापाची साठ हजार खोकी

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि ग्लेनिस ट्रिफिट रिकामी खोकी तोलत होती. पॅकिंग शेडमध्ये दोन मोठे काटे होते, पण ते चेरीचे आख्खे पॅलेट तोलणारे. दोन-तीनशे ग्रॅमचा पुठ्ठा त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. म्हणून तिने घरून स्वयंपाकघरातला काटा आणला होता. तिच्यासमोर एक खोके डॅरिल डूरनचे होते, ते पाऊण तासावरच्या ग्लेनॉर्कीत बनते. दुसरे दक्षिण चीनमधून नमुना म्हणून कुरियरने आले होते. दोन्हींत दोन किलो चेरी मावते, दोन्ही लाल. चीनचे चाळीस ग्रॅमने जड भरले.

तिने ते दोनदा तोलले आणि मग चहा टाकला.

ऑगस्ट महिना होता, म्हणजे टास्मानियात ऐन थंडी. डरवेंटच्या खोऱ्यात दहिवर गोठलेले, झाडांवर एक पान नाही. पण चेरीच्या धंद्यात सगळे मोठे निर्णय चेरी नसतानाच घेतले जातात. त्यामुळे चुकांना वाढायला भरपूर वेळ मिळतो.

ग्लेनिस अठ्ठावन्न वर्षांची आहे. लेथम यांच्या बागेत ती एकोणिसाव्या वर्षी फळे निवडायला आली आणि गेली बावीस वर्षे खरेदी पाहते. खोकी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, केसांच्या जाळ्या, फोर्कलिफ्टचा गॅस, संडासातला कागद, असे जे जे या शेडमध्ये येते आणि चेरी नसते, ते तिच्या सहीने येते. खरेदीचा अभ्यासक्रम तिने रात्रीच्या वर्गात पूर्ण केला. प्रमाणपत्र कुठे आहे ते तिला सांगता येत नाही. दोन नवरे झाले. पहिल्याबद्दल विचारले तर ती म्हणते, "घेताना स्वस्त पडला." यापलीकडे त्या विषयावर तिच्याकडून काही मिळत नाही.

त्या दिवशी नऊ वाजता चहाच्या खोलीत बैठक होती. बोलावणारा ब्रेडन स्टोक्स. हा चौतिशीचा गृहस्थ मार्चमध्ये मेलबर्नहून व्यवस्थापक म्हणून आला आणि आल्या आल्या त्याला या बेटावर सगळे महाग मिळते असा शोध लागला. येथे जन्मलेल्या माणसांना हे माहीत नव्हते असे नाही, पण त्यांनी त्याचा तक्ता केला नव्हता. ब्रेडनच्या बोनसचा नियम साधा होता. गेल्या वर्षी एखादी वस्तू ज्या दराने घेतली, त्याहून यंदा बिलावर दर जितका कमी, तितकी त्याची बचत. ती वस्तू नंतर कुठे गेली, कशी गेली आणि तिने वाटेत कोणाकोणाचा खिसा कापला, हे नियमात नव्हते.

"डॅरिल घेतो एक डॉलर बासष्ट," ब्रेडनने भिंतीवर आकडे दाखवले. "चीनमध्ये बंदरावर चौऱ्याण्णव सेंट. साठ हजार खोकी. चाळीस हजार आठशे डॉलर वाचले. मला वाटतं एवढं पुरे आहे."

मालक डंकन लेथम पाय वाचवण्यात, म्हणजे करीतले शिंपले भरलेला पाय हा भाजलेला खाऊ खाली न सांडता खाण्यात, गुंतला होता. तो तिसऱ्या पिढीचा बागायतदार. बैठकीत तो खातो, कारण खाताना मत द्यावे लागत नाही.

"आणि ही खोकी बंदरावरून इथे कशी येणार?" ग्लेनिसने विचारले. "पोहत?"

"वाहतूक वेगळ्या खात्यात जाते, ग्लेन."

"ग्लेनिस. आणि खातं वेगळं असलं तरी पैसे डंकनचेच ना? का ते खातं तू घरून भरणार आहेस?"

ब्रेडन हसला. त्याला हसण्याचे प्रशिक्षण मिळालेले होते. "हे बघ, यात तुझा काही दोष नाही. तू तुझ्या परीनं छानच केलंस. पण ही खोकी नीट आली ना, तर मार्चपासून सगळीच खरेदी मेलबर्नच्या एजंटांकडे देता येईल. तूही मोकळी होशील."

मोकळी होशील म्हणजे नोकरी जाईल, हे चहाच्या खोलीत सगळ्यांना कळले.

म्हणजे परिस्थिती अशी होती. लांबचे खोके जिंकले तर ग्लेनिसची खुर्ची जाणार आणि हिशेब करणार ग्लेनिसच. ती जे काही सांगेल ते स्वतःसाठी सांगते आहे असे कोणीही म्हणू शकत होते. हे तिला कळत होते. म्हणून तिने हिशेब इतका सरळ केला होता की तो तिच्याच विरुद्ध गेला.

"मी सांगते, मग हसा," ती म्हणाली. "चौऱ्याण्णव सेंट बिलाचे. समुद्राचं भाडं, बंदर, कस्टमचा माणूस, मग मेलबर्नहून परत बोटीनं इकडे आणि ट्रक, ते बावीस सेंट. डॅरिल आणतो तो दारात आणून टाकतो, त्याच्या बासष्टमध्ये ते आलं. पुढचं. चीनचं खोकं चाळीस ग्रॅम जड आहे."

"चाळीस ग्रॅम!" ब्रेडन म्हणाला. "बाप रे."

"हाँगकाँगला आपण विमानानं पाठवतो. विमानवाला चेरी कुठली आणि पुठ्ठा कुठला हे बघत नाही, सगळ्या वजनाला किलोमागे साडेतीन डॉलर घेतो. चाळीस ग्रॅमचे चौदा सेंट. प्रत्येक खोक्यामागे."

डंकनने पाय खाली ठेवला.

"डॅरिल आठवड्याला चार हजार आणतो. ही साठ हजार एकदम येणार. पुठ्ठ्याला ओल चालत नाही, तेव्हा कोरडी शेड भाड्यानं घ्यावी लागणार, सात सेंट. पैसे आधी मोजायचे, डॅरिलला वापरल्यावर महिन्यानं देतो, त्या व्याजाचे तीन. फाटकी-दबकी निघतील त्याचे तीन. झाले एक त्रेचाळीस."

"म्हणजे अजूनही एकोणीस सेंट स्वस्त," ब्रेडन म्हणाला.

"हो."

कोणी आपल्याच विरुद्धचा आकडा एवढ्या सहज देईल याची ब्रेडनने तयारी केली नव्हती.

"मग भांडतेस कशाला?" डंकनने विचारले.

"भांडत नाहीये. साठच्या साठ हजार वापरली तर ब्रेडन बरोबर आहे. पण डॅरिलकडून घेतलं तर जेवढं वापरतो तेवढ्याचेच पैसे. इथं साठ हजारांचे पैसे आधीच गेले, वापरा नाहीतर जाळा. बावन्न हजारांवर वापरली तर चीन स्वस्त. बावन्नच्या खाली गेलो की डॅरिल स्वस्त. मला एकच सांग, डंकन. यंदा किती भरणार?"

येथे या खोऱ्याची एक रीत सांगणे भाग आहे. ऑगस्टमध्ये गेल्या वर्षीपेक्षा कमी पिकाचा आकडा तोंडातून काढणारा बागायतदार डरवेंटच्या काठी अजून जन्मला नाही. कमी बोलले की फळ ते ऐकते, अशी समजूत. शिवाय बँकही ऐकते, आणि शेजारीही. गारा पडोत, पक्षी येवोत, झाडे मुळासकट उपटून जावोत. ऑगस्टमध्ये विचारले तर उत्तर एकच असते आणि ते सगळेजण सारख्याच चेहऱ्याने देतात.

"गेल्या वर्षी अठ्ठावन्न हजार भरली," डंकन म्हणाला. "यंदा जास्तच. झकास हंगाम आहे बघ."

"हंगाम अजून कुठे आहे? बाहेर बर्फ आहे."

"वास येतो मला."

"तो पायचा येतोय. डंकन, गेल्या वर्षी चिनी नवं वर्ष दहा फेब्रुवारीला होतं. यंदा एकोणतीस जानेवारीला. भेटीची खोकी नव्या वर्षाच्या आधीच जातात, नंतर त्यांना कोण विचारतो? भरायला जवळपास दोन आठवडे कमी आहेत. तू कितीही जोर केलास तरी झाडाला कॅलेंडर कळत नाही."

"फळ लवकर येईल," डंकन म्हणाला.

"कशावरून?"

"यायलाच हवं."

याला बागायतीत अंदाज म्हणतात.

"उरली तर पुढच्या वर्षी वापरू," ब्रेडन म्हणाला. "पुठ्ठा काय नासतो का?"

ग्लेनिसने नमुन्याचे झाकण त्याच्याकडे फिरवले. लाल पुठ्ठ्यावर सोनेरी साप होता, नीट वेटोळे घातलेला, चेहऱ्यावर काहीसे समाधान. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांना खोक्यावर त्या वर्षाचा प्राणी लागतो. गेल्या वर्षी ड्रॅगन होता, यंदा साप.

"पुढच्या वर्षी घोडा आहे," ती म्हणाली. "साप पुन्हा दोन हजार सदतीसला. तेव्हा मी सत्तरीची असेन, पण आठवण करून देईन."

"घोडा-साप नको, साधं लालच छापू," ब्रेडन म्हणाला.

"साधं लाल हाँगकाँगवाले खोक्यामागे पाच डॉलर कमी देऊन घेतात. तेही तुझ्या खात्यात नाही, म्हणा."

तेवढ्यात डंकनने पाय संपवला, म्हणजे आता मत देणे आले. त्याने आपल्या आजोबांच्या तसबिरीकडे पाहिले आणि साठ हजार म्हटले. तो साठ हजारांहून कमी म्हणूच शकत नव्हता; ब्रेडनसमोर नाही, आणि ग्लेनिसने तो आकडा भिंतीवरच्या आजोबांसमोर मागितल्यावर तर नाहीच. तिने नंतर एकदा कबूल केले की चारचौघांत विचारायला नको होते. गाडीत, दोघेच असताना विचारले असते तर त्याने कदाचित पंचेचाळीस म्हटले असते.

ऑर्डरवर सही ग्लेनिसची. नियम तसा होता.

संध्याकाळी तिने डॅरिलला फोन केला. डॅरिलच्या कारखान्यात तो, त्याची बायको, एक छपाईचे यंत्र आणि चार माणसे आहेत. शुक्रवारी दुपारनंतर तो सापडत नाही. होडी घेऊन मासे धरायला जातो आणि बायको फोनवर "मीटिंगमध्ये आहे" असे सांगते. देशभक्तीचा पुतळा म्हणून उभे करावे असा माणूस तो नाही. छपाईही त्याची चीनइतकी सुबक नसते. गेल्या वर्षीचा त्याचा ड्रॅगन काहींना सरडा वाटला होता.

"साप करून ठेवलाय ना मी," डॅरिल म्हणाला. "मस्त झालाय. जीभ बाहेर."

"ठेव जपून. पुढच्या सापाला वापर."

"गेलं काय काम?"

"गेलं. चीनला."

"किती?"

"सगळं."

"ठीक आहे, बाई," तो म्हणाला. "मग जानेवारी मी मासेवाल्यांना देतो. ते सॅल्मन माशांची खोकी मागतायत केव्हापासून. मला यंत्र बसवून ठेवून परवडत नाही."

"दे. तुझ्या जागी असते तर मीही दिलं असतं."

"उगाच चांगलं वागू नकोस. शिव्या दे, बरं वाटेल."

तिने दोन दिल्या.

सप्टेंबरमध्ये बचत नोंदली गेली. चाळीस हजार आठशे डॉलर, संचालक मंडळाच्या बैठकीत, पडद्यावर निळ्या पार्श्वभूमीवर. ब्रेडनचा बोनस त्यावर ठरला. खोकी त्या वेळी अजून छापायची होती. खर्च मात्र आळशी नव्हते. ते एकेक करून येऊ लागले आणि बचतीच्या वाटेला न जाता भलत्याच दारांशी थांबले. कंटेनरमधल्या एका लाकडी पॅलेटला साल राहिली होती, म्हणून कीटक तपासणीवाल्यांनी कंटेनर अडवून कीडनाशक धूर दिला. ते बिल वाहतुकीच्या खात्यात. कोरड्या शेडचे भाडे इमारतींच्या खात्यात. जड पुठ्ठ्याचे विमानभाडे निर्यातीच्या खात्यात जाणार होते. बचत एकाच्या नावावर आणि खर्च सगळ्यांच्या, अशी ही व्यवस्था कोणी मुद्दाम केली नव्हती. आपोआप झाली होती, आणि म्हणूनच इतकी मजबूत होती.

खोकी नोव्हेंबरच्या शेवटी आली. ती वाईट नव्हती, हे लिहिणे भाग आहे. घड्या सरळ, रंग पक्का, शीतगृहात पाच थर रचले तरी खालचे दबले नाही. ग्लेनिसने तिच्या अहवालात तसे लिहिले. ब्रेडनने तो परिच्छेद स्वतःच्या अहवालात घेतला आणि बाकीचा तिथेच ठेवला.

आता राहिली चेरी. तिला यायचे होते लवकर, डंकनच्या म्हणण्याप्रमाणे. वसंत थंड गेला. डिसेंबरच्या मध्यावर जी फळे काळी-लाल व्हायला हवी होती ती गुलाबी होऊन थांबली, पाहुण्यांसमोर लाजल्यासारखी. नाताळ गेला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खोकी भरायची लाइन नीट सुरू होते न होते तोच दोन दिवस पाऊस झाला. पिकलेल्या चेरीवर पाणी राहिले की ती फुगते आणि फुटते. म्हणून डंकनने हेलिकॉप्टर मागवले आणि ते तासाच्या दराने झाडांवरून घिरट्या घालत पाने वाळवत राहिले. पंख्याचा वारा इतका महाग जगात दुसरीकडे मिळत नसावा.

"लवकर आलं का रे फळ?" ग्लेनिसने त्याला हेलिकॉप्टरखाली विचारले.

"ऐकू येत नाही!" डंकन ओरडला. ते खरे असावे.

हाँगकाँगला नवे वर्ष ठरल्या दिवशी येते. दुकानात चेरी दोन-तीन दिवस आधी लागते, त्याआधी विमान, त्याआधी धूर, कागद आणि थंड ट्रक. शेवटचे सापाचे खोके तेवीस जानेवारीला दुपारी लाइनवरून उतरले. त्या दिवसापर्यंत लाइनवरच्या बायकांनी, पोरांनी आणि परदेशातून सुट्टीत काम करायला आलेल्या पाठीवर पिशवीवाल्यांनी ढोरासारखे काम केले होते. तरी आकडा झाला पस्तीस हजार.

बावन्न हजारांच्या रेषेशी त्याची भेटसुद्धा झाली नाही.

फाटकी वगळून तेवीस हजारांवर साप भाड्याच्या कोरड्या शेडमध्ये वेटोळे घालून राहिले. ग्लेनिसने पुन्हा हिशेब केला. वापरलेल्या प्रत्येक खोक्याला दोन डॉलर पस्तीस सेंट पडले. डॅरिलचे महागडे एक बासष्ट होते. सगळे मिळून डॅरिलपेक्षा पंचवीस हजार सहाशे जास्त गेले, आणि त्यात शेड रिकामी करून पुठ्ठा रद्दीत घालायचा खर्च धरलेला नव्हता. ब्रेडनच्या तक्त्यात या वेळेपर्यंत चाळीस हजार आठशेची बचत तशीच निळ्या पार्श्वभूमीवर उभी होती. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे होते, ही त्यातली गंमत.

ब्रेडन सूचना घेऊन आला. "सापावर स्टिकर लावू. 'टास्मानियाची चेरी' वगैरे."

"तेवीस हजार स्टिकर कोण लावणार?"

"लाइनवरच्या बायका."

"ताशी पगारावर. स्टिकरच्या पैशांसकट खोक्यामागे तीस-पस्तीस सेंट. आणि कोपऱ्यातून शेपटी दिसणार."

"मग इथेच विकू. रस्त्याकडेच्या स्टॉलवर."

"विकतोय ना. स्टॉलवरचा टोनी म्हणतो, गिऱ्हाईक विचारतं आत काय आहे नक्की."

"क्वीन्सलंडला सापांची बाग आहे, त्यांना—"

"ब्रेडन," ग्लेनिस म्हणाली, "जेवायला जा."

खरी अडचण वेगळीच होती आणि तिला कोणीही निळ्या पार्श्वभूमीचा मान दिला नव्हता. फळ उशिरा आले म्हणजे झाडावर अजून खूप होते, आणि आता चांगले मोठेही होत होते. सिडनी-मेलबर्नच्या दुकानांना ते साध्या लाल दोन किलोच्या खोक्यात हवे होते आणि भाव बरा मिळत होता. साधी खोकी शेडमध्ये एकही नव्हती. पाच किलोच्या पेटीत तेच फळ घातले तर किलोमागे दोन डॉलर कमी.

ग्लेनिसने तेवीसलाच डॅरिलला फोन लावला होता.

"मीटिंगमध्ये आहे," बायको म्हणाली.

"आज गुरुवार आहे, पॅम."

डॅरिल फोनवर आला. "काय गं? साप संपले?"

"तुला किती हवेत? मला साधं लाल पाहिजे. चार दिवसांत."

"चार दिवसांत माल माझ्या गिऱ्हाइकांना मिळतो. यंत्रावर सॅल्मनची खोकी आहेत बुधवारपर्यंत."

"मी बावीस वर्षं गिऱ्हाईक होते."

"होतीस. मी बघ कसा रडतोय." मग कामावर येत, "पुढच्या गुरुवारी रात्री बसवतो यंत्रावर. शुक्रवारी पहाटे चार हजार. त्याआधी देव आला तरी नाही."

"दर?"

"बासष्टच. पासष्ट म्हणणार होतो, पण पॅम बघतेय."

म्हणजे एक आठवडाभर मोसमातले सगळ्यांत मोठे फळ पाच किलोच्या पेटीत गेले. हा तोटा कुठल्याच खात्यावर पडला नाही, कारण न मिळालेल्या पैशाचे बिल येत नाही. रांगेतली जागा गमावण्याची किंमत ग्लेनिसच्या ऑगस्टच्या हिशेबातही नव्हती. तिने ती आता घातली. उशिरा, हे तिला मान्य आहे.

ब्रेडनने चिनी नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला. जिलाँगच्या एका मोठ्या फळकंपनीत त्याला वरची जागा मिळाली. अर्जात त्याने पॅकिंगच्या दरात बेचाळीस टक्के बचत केल्याचे लिहिले होते. ते खरे आहे. एक डॉलर बासष्टवरून चौऱ्याण्णव सेंट म्हणजे बेचाळीस टक्केच. त्याच्या निरोपाला लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्याचे केक, होते. ग्लेनिसने दोन खाल्ले.

गुरुवारी, तीस जानेवारीला, डंकन तिच्या टेबलापाशी आला. हातात पाय नव्हता, तेव्हा प्रकरण गंभीर असावे.

"मार्चचं ते एजंटांचं," तो म्हणाला. "ते राहू दे."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आहेस. मला वाटतं."

"वाटतं?"

"आहेस, आहेस. छळू नकोस." तो खिडकीतून शेडकडे बघत राहिला. "पुढच्या वर्षी सगळं डॅरिललाच देऊन टाक. चूक झाली."

येथे कोणीही हो म्हणाले असते. खुर्ची परत मिळाली होती, मालक चूक म्हणत होता, आणि हे दोन्ही एकाच गुरुवारी घडायला या खोऱ्यात बरीच वर्षे जावी लागतात.

"नाही," ग्लेनिस म्हणाली.

"काय नाही?"

"पुढच्या वर्षी नवं वर्ष सतरा फेब्रुवारीला आहे. आख्खा हंगाम त्याच्या आधी बसतो. वाईट गेलं तरी चाळीस हजार जाणारच. तेवढी चीनकडून घेऊ. प्राणी न छापता, साधी लाल, आणि पुठ्ठा हलका करून मागू, विमानभाड्यापुरता. उरली तर सिडनीला जातील, नाहीतर पुढच्या वर्षी. घोड्याची नुसती पट्टी डॅरिलकडून छापून घेऊ, आठवड्याला लागेल तेवढी, ती वरून सरकवायची. चाळीसच्या वरची खोकीही त्याच्याकडूनच. आणि जानेवारीतली त्याच्या यंत्राची जागा आत्ताच पैसे भरून धरायची."

"आणि ही पट्टी सरकवणार कोण? फुकट?"

"सहा सेंट. धरलेत."

डंकनने तोंडातल्या तोंडात आकडा फिरवला. "डॅरिल चिडेल."

"चिडलाच. मघाशी सांगितलं त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ब्रेडन गेला, आता खुर्ची वाचेल, तरी अक्कल आली नाही." तिने चष्मा पुसला. "मग पट्टीचा भाव सांगितला. जास्त सांगितलाय. खाली आणते."

"आणि मी यंदा काय बोलायचं? ऑगस्टमध्ये?"

"तू बोलूच नकोस. गाडीत सांग."

डंकन निघाला, दारात थांबला. "सत्तर हजार जातील बघ पुढच्या वर्षी," तो म्हणाला. बाहेर जानेवारी होता, तरी त्याला राहवले नाही.

ग्लेनिसने चाळीस हजारच लिहिले.

उद्या शुक्रवार. डॅरिलचा ट्रक सकाळी सहाला मागच्या गेटवर लागेल, चार हजार साधी लाल खोकी घेऊन. लाइन साडेसहाला सुरू होते.